घराचा व्यवहार खरेदीदाराने मोडला तर विसाराचे काय होते? पुण्यात जुना फ्लॅट घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पुण्यात पुनर्विक्रीचा फ्लॅट घेताना पहिला पैसा बहुधा विसारपावतीवर दिला जातो आणि नोंदणीकृत साठेखत, म्हणजे विक्रीचा लेखी करार, त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी होते. या विलंबाला व्यावहारिक कारण आहे. साठेखताच्या वेळीच पूर्ण मुद्रांक शुल्क भरावे लागते आणि महापालिका हद्दीत ते ७ टक्के आहे (खरेदीदार स्त्री असल्यास १ टक्का सवलत मिळते). त्यामुळे बँकेचे कर्ज मंजूर होईपर्यंत आणि मालकी तपासून वकील देतो तो सर्च रिपोर्ट हाती येईपर्यंत दोन्ही पक्ष केवळ पावतीवर थांबतात. विसाराचे बहुतेक वाद याच मधल्या काळात जन्म घेतात, कारण खरेदीदाराने माघार घेतली की विक्रेता म्हणतो, "विसार बुडाला", आणि खरेदीदार म्हणतो, "घरच घेतले नाही, तर पैसे परत द्या." कायदा या दोघांपैकी कोणाचेही म्हणणे सरसकट मान्य करत नाही. पैसे कशासाठी दिले होते आणि व्यवहार कोणाच्या कारणाने मोडला, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर निकाल ठरतो. म्हणून पुढील विवेचन त्याच क्रमाने केले आहे.

पहिली पायरी : दिलेली रक्कम खरोखर विसार आहे का, हे तपासणे

व्यवहार पक्का होताना, तो पूर्ण करण्याची हमी म्हणून खरेदीदार जी रक्कम देतो, ती विसाराची रक्कम होय. व्यवहार पूर्ण झाला तर ती किमतीत वळती होते आणि खरेदीदाराच्या कसुरीमुळे व्यवहार मोडला तर ती जप्त होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने श्री हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट या प्रकरणात विसाराची हीच लक्षणे सांगितली आहेत आणि आजही न्यायालये त्यांचाच आधार घेतात. याउलट, किमतीचा एक हप्ता म्हणून दिलेली रक्कम ही केवळ आगाऊ भरणा असते. ती जप्त करण्याचा अधिकार विक्रेत्याला आपोआप मिळत नाही.

हा फरक सर्वांत स्पष्टपणे फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निकालात दिसतो. दिल्लीतील एक मालमत्ता १,१२,५०० रुपयांना विकण्याचे ठरले होते. खरेदीदाराने १,००० रुपये विसार म्हणून दिले आणि पुढे ताबा घेताना आणखी २४,००० रुपये दिले. व्यवहार खरेदीदाराच्या बाजूने मोडला आणि सर्वच्या सर्व २५,००० रुपये जप्त होतील अशी अट करारात लिहिलेली होती. तरीही न्यायालयाने केवळ १,००० रुपयांची जप्ती मान्य केली, कारण उरलेले २४,००० रुपये विसार नव्हते आणि ते जप्त करण्याची अट भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ खाली दंडाच्या स्वरूपाची होती. त्या कलमानुसार करारात आकडा कितीही मोठा लिहिलेला असला तरी न्यायालय वाजवी भरपाईपेक्षा अधिक देववत नाही.

तेव्हा आपली पावती काढून तिच्यातील वाक्ये शब्दशः वाचावीत. "सदर रक्कम विसारापोटी दिली असून लिहून घेणार यांनी कसूर केल्यास ती जप्त होईल" असे लिहिले असेल तर विक्रेत्याची बाजू बळकट आहे; अशा मजकुरात लिहून घेणार म्हणजे खरेदीदार आणि लिहून देणार म्हणजे विक्रेता. "ठरलेल्या मोबदल्यापैकी भरणा" एवढेच लिहिले असेल आणि जप्तीचा उल्लेख नसेल तर खरेदीदाराची बाजू बळकट आहे. मात्र केवळ नावावर विसंबून राहू नये. के. आर. सुरेश विरुद्ध आर. पूर्णिमा या २०२५ च्या निकालात ५५.५० लाखांच्या व्यवहारातील २० लाखांच्या रकमेला करारात आगाऊ रक्कम म्हटले होते. परंतु खरेदीदाराने कसूर केल्यास रक्कम जप्त आणि विक्रेत्याने कसूर केल्यास दुप्पट परत, अशी दोन्ही पक्षांना बांधणारी अट असल्यामुळे न्यायालयाने तिला विसारच मानले आणि जप्ती कायम ठेवली. रक्कम मोठी आहे म्हणून ती आपोआप परत मिळेल, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी हा निकाल विशेष लक्षात ठेवावा.

आणखी एक प्रसंग याच पायरीत येतो. "दुसरे गिऱ्हाईक आले आहे, आजच टोकन द्या" असे सांगून एजंट ५१,००० रुपये घेतो, पण किंमत अंतिम ठरलेली नसते, पार्किंग व्यवहारात धरले आहे की नाही हे माहीत नसते आणि मालकाची सहीही कशावर नसते. असा पैसा विसार ठरणे कठीण असते, कारण विसारासाठी आधी पक्का ठराव झालेला असावा लागतो. मुख्य अटी ठरण्यापूर्वीच बोलणी फिसकटली तर ही रक्कम परत मागता येते. ती एजंटने स्वतःच्या खात्यात ठेवली असेल तर मागणीचे पत्र मालक आणि एजंट या दोघांनाही पाठवावे.

दुसरी पायरी : व्यवहार कोणाच्या कारणाने मोडला, हे निश्चित करणे

बदली झाली, घरच्यांचे मत बदलले, दुसरे घर आवडले, आधीचे घर वेळेत विकले गेले नाही, ही सर्व कारणे खरेदीदाराची स्वतःची आहेत. अशा वेळी वाजवी विसार जप्त करण्याचा विक्रेत्याचा अधिकार न्यायालये मान्य करतात. सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या २०१२ च्या निकालात ७० लाखांच्या व्यवहारातील ७ लाखांचा विसार जप्त करणे योग्य ठरवले गेले, कारण करारात तशी स्पष्ट अट होती आणि खरेदीदाराने शब्द पाळला नव्हता.

गृहकर्ज नाकारले जाणे हे पुण्यातील नव्या खरेदीदारांच्या बाबतीत नेहमी उद्भवणारे कारण आहे आणि त्याबद्दलचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. पैसा उभा करणे ही खरेदीदाराची जबाबदारी मानली जाते. म्हणून "बँकेने कर्ज दिले नाही" हे कारण, पावतीत तशी अट नसेल तर, विसार परत मिळवायला सहसा पुरेसे ठरत नाही. मात्र बँकेने कर्ज का नाकारले हे पाहणे अत्यंत आवश्यक आहे. खरेदीदाराच्या उत्पन्नामुळे किंवा आधीच्या थकबाकीमुळे नाकारले असेल तर ती त्याची अडचण आहे. परंतु इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, मंजूर नकाशात नसलेली खोली बांधलेली आहे किंवा मालकीच्या साखळीतील एक दस्तऐवज सापडत नाही, म्हणून बँकेच्या वकिलाने नकार दिला असेल आणि ही बाब विक्रेत्याने आधी सांगितलेली नसेल, तर दोष विक्रेत्याकडे जातो. त्यामुळे तोंडी नकारावर समाधान न मानता बँकेकडून कारणासह लेखी पत्र घ्यावे. पुढे वाद झाला तर खरेदीदाराच्या हातातील सर्वांत वजनदार कागद तोच असतो.

विक्रेत्याच्या बाजूचे कारण असेल तर विसार परत करावाच लागतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराला साध्या तपासणीत कळणार नाहीत असे मालमत्तेतील आणि मालकी हक्कातील महत्त्वाचे दोष सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. वडिलांच्या नावावरील फ्लॅट एकटा मुलगा विकत आहे आणि बहिणींचे हक्कसोडपत्र झालेलेच नाही, फ्लॅटवर बँकेचा बोजा आहे आणि मूळ कागद बँकेत आहेत हे लपवले आहे, किंवा दावा चालू आहे, अशा परिस्थितीत खरेदीदाराने मागे हटणे ही कसूर नव्हे. याच कलमात खरेदीदाराला एक महत्त्वाचे संरक्षणही आहे. त्याने योग्य कारणासाठी खरेदी नाकारली असेल तर आगाऊ दिलेली रक्कम आणि विसार यांचा बोजा विक्रेत्याच्या त्या मालमत्तेवर राहतो. मात्र ज्याला या बोजाची कल्पना नव्हती अशा, मोबदला देऊन घेणाऱ्या त्रयस्थ खरेदीदाराविरुद्ध तो चालवता येत नाही. म्हणून पैसे अडकले असतील तर स्थानिक वृत्तपत्रात वकिलामार्फत जाहीर नोटीस देणे आणि सोसायटीला लेखी कळवणे, ही दोन्ही कामे लवकर करावीत.

मुदतीचा मुद्दाही इथेच येतो. पावतीत ६० दिवसांची मुदत लिहिली आणि ६१ व्या दिवशी विक्रेत्याने विसार बुडाल्याचे सांगितले, असे घडते. स्थावर मालमत्तेच्या करारात मुदत हा सामान्यतः कराराचा प्राण मानला जात नाही. करारातील शब्दांवरून किंवा परिस्थितीवरून तसे स्पष्ट दिसावे लागते. म्हणून विक्रेत्याने आधी वाजवी मुदत देणारी नोटीस पाठवावी, आपल्याकडील सर्व कागद तयार असल्याचे तिच्यात लिहावे आणि त्यानंतरच करार रद्द झाल्याचे कळवावे. स्वतः तयार नसलेला विक्रेता खरेदीदाराला दोषी ठरवू शकत नाही.

तिसरी पायरी : रकमेचा हिशेब मांडणे

येथे एक काल्पनिक उदाहरण सविस्तर पाहू. कर्वेनगरमधील एका फ्लॅटची किंमत ८२ लाख ठरली. पहिल्या दिवशी खरेदीदाराने १ लाख रुपये दिले. पावतीत ते विसार असल्याचे आणि खरेदीदाराच्या कसुरीने व्यवहार मोडल्यास जप्त होणार असल्याचे लिहिले. दोन आठवड्यांनी विक्रेत्याने त्याच्या कर्जाची बाकी फेडण्यासाठी पैसे मागितले, म्हणून खरेदीदाराने ९ लाख रुपये बँकेतून पाठवले आणि त्याची पावती "मोबदल्यापोटी आगाऊ भरणा" अशी घेतली. ४० व्या दिवशी खरेदीदाराची नागपूरला बदली झाली आणि त्याने व्यवहार पूर्ण करणार नसल्याचे कळवले. त्यानंतर विक्रेत्याने तोच फ्लॅट प्रामाणिकपणे प्रयत्न करून ७९.५० लाखांना विकला.

व्यवहार खरेदीदाराच्या कारणाने मोडला असल्यामुळे १ लाखाचा विसार विक्रेता ठेवू शकतो. ९ लाख रुपये मात्र विसार नाहीत आणि त्यांच्या जप्तीची अटही नाही. ते परत करावे लागतील. विक्रेत्याला करारभंगामुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान मागता येते आणि ते करारातील किंमत व करारभंगाच्या वेळची बाजारातील किंमत यांच्या फरकावरून मोजले जाते. दुसऱ्या विक्रीची किंमत त्या बाजारभावाचा पुरावा मानली, तर नुकसान २.५० लाख होते. विसाराचा १ लाख विक्रेत्याकडे आधीच असल्याने त्याला आणखी १.५० लाख सिद्ध करता येतील आणि ७.५० लाख परत करणे भाग पडेल. दोन्ही पक्षांनी समजुतीने मिटवायचे ठरवले तर बोलणी याच आकड्याच्या आसपास व्हावीत, असे मला वाटते.

आता यातील एकच गोष्ट बदलून पाहू. फ्लॅट ७९.५० लाखांऐवजी ८५ लाखांना विकला गेला, तर विक्रेत्याचे नुकसान झालेले नाही. मग १ लाखाचा विसार ठेवता येईल का? येथे दोन निकालांचा सूर वेगळा आहे. सतीश बत्रा प्रकरणात विसार जप्त करण्यासाठी नुकसान दाखवण्याची अट घातलेली नाही. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात मात्र ३.१२ कोटींना लिलावात गेलेला भूखंड पुढे ११.७८ कोटींना विकला गेल्यामुळे नुकसान झाले नाही, असे सांगून न्यायालयाने ७८ लाखांचा विसार व्याजासह परत करायला लावला. त्या प्रकरणात खरेदीदाराची कसूरही सिद्ध झाली नव्हती, हे विसरू नये. माझ्या मते, पक्की अट आणि किमतीच्या मानाने लहान विसार असेल तर तो विक्रेत्याकडे राहण्याचीच शक्यता जास्त असते. रक्कम मोठी असेल आणि विक्रेत्याला नफा झाला असेल तर खरेदीदाराने कैलाशनाथचा आधार जरूर घ्यावा.

उदाहरणात दुसरा बदल असा. खरेदीदाराच्या वकिलाने जाहीर नोटीस दिली आणि मुदतीत विक्रेत्याच्या बहिणीने वारसा हक्काची हरकत घेतली. विक्रेत्याने वाजवी वेळेत हक्कसोडपत्र आणले नाही, म्हणून खरेदीदाराने माघार घेतली. या परिस्थितीत संपूर्ण १० लाख रुपये परत मिळायला हवेत, त्यावर व्याजाची मागणीही करता येते, आणि १ लाखाच्या पावतीतील जप्तीची अट लागू होत नाही, कारण ती अट खरेदीदाराच्या कसुरीसाठी आहे.

चौथी पायरी : माघार लेखी कळवणे आणि परतावा मागणे

फोनवर किंवा एजंटमार्फत नकार देणे टाळावे. पत्रात पावतीची तारीख, फ्लॅटचे वर्णन, दिलेल्या रकमा आणि त्यांचे बँक तपशील, माघारीचे कारण आणि परताव्यासाठी ठरावीक मुदत, उदाहरणार्थ १५ दिवस, या गोष्टी लिहाव्यात. कारण विक्रेत्याच्या बाजूचे असेल तर ते याच पत्रात स्पष्टपणे नोंदवावे. पहिल्या पत्रात "वैयक्तिक अडचणीमुळे" असे सौम्य कारण लिहून नंतर दाव्यात मालकीतील दोष पुढे करणाऱ्यांचे म्हणणे न्यायालयाला पटणे अवघड जाते, आणि संकोचापोटी लिहिलेल्या या दोन शब्दांमुळे चांगली बाजू कमकुवत होते. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी.

विक्रेता तयार झाला तर रद्दलेख करावा आणि पैसे खात्यात जमा झाल्यावरच मूळ पावती परत द्यावी. साठेखताची नोंदणी झालेली असेल तर रद्दलेखही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावा लागतो, अन्यथा जुनी नोंद त्या कार्यालयाच्या दस्तनोंदींच्या सूची क्रमांक दोनमध्ये दिसत राहून विक्रेत्याला पुढची विक्री अडते. ही विक्रेत्याची गरज खरेदीदाराच्या हाती असलेली एक रास्त वाटाघाटीची बाजू आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आणि परत करण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे, म्हणून परतावाही बँकेतूनच घ्यावा.

विक्रेता दाद देत नसेल तर शिवाजीनगर येथील जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व तडजोडीसाठी अर्ज करता येतो आणि ते जमले नाही तर दिवाणी दावा करता येतो. पैसे वसुलीच्या अशा दाव्याची मुदत सामान्यतः ३ वर्षांची असते. खरेदीदाराला घरच हवे असेल आणि म्हणून तो करारपूर्तीचा दावा करत असेल, तर त्याच दाव्यात पर्यायी मागणी म्हणून विसार परत मिळण्याची विनंती लिहिणे अत्यावश्यक आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २२ नुसार ही मागणी दाव्यात असावीच लागते. वर उल्लेखलेल्या के. आर. सुरेश प्रकरणात खरेदीदाराने ती केली नव्हती आणि परतावा नाकारण्याचे तेही एक कारण ठरले.

बिल्डरकडून नवा फ्लॅट बुक केला असेल तर

येथे नियम वेगळे आणि खरेदीदाराला अधिक अनुकूल आहेत. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. राज्यात या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या महारेरा प्राधिकरणाने २०२२ मध्ये बुकिंगच्या वेळी बिल्डर देतो त्या वाटपपत्राचा जो नमुना ठरवून दिला, त्यात बुकिंग रद्द केल्यास होणारी कपात ठरलेली आहे : वाटपपत्रापासून पहिल्या १५ दिवसांत काहीच नाही, १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत १.५ टक्के आणि त्यानंतर २ टक्के. उरलेली रक्कम ४५ दिवसांत परत करायची असते. बिल्डरने यापेक्षा कडक अट घातली असेल तर महारेराकडे तक्रार करावी.

पावती लिहितानाच घ्यायची काळजी

नव्या खरेदीदाराने विसार म्हणून लहान रक्कम द्यावी आणि पुढची प्रत्येक रक्कम मोबदल्यापोटी असल्याचे वेगळ्या पावतीवर लिहून घ्यावे. कर्जाच्या आणि मालकीच्या अटी पावतीतच याव्यात. त्यासाठी पुढील मजकूर वापरता येईल, मात्र सही करण्यापूर्वी तो आपल्या वकिलाला दाखवावा.

"लिहून घेणार यांचे गृहकर्ज या पावतीपासून ४५ दिवसांत मंजूर न झाल्यास आणि तसे बँकेचे लेखी पत्र त्यांनी दाखवल्यास, अथवा सदर मिळकतीचा लिहून देणार यांचा हक्क निर्वेध व विक्रीयोग्य नसल्याचे आढळल्यास, लिहून देणार यांनी विसारासह स्वीकारलेली संपूर्ण रक्कम मागणीपासून १५ दिवसांत बँकेद्वारे परत करावयाची आहे. इतर कोणत्याही कारणाने लिहून घेणार यांनी व्यवहार पूर्ण न केल्यास केवळ विसाराची १ लाख रुपये एवढीच रक्कम जप्त होईल."

यातील शेवटचे वाक्य विक्रेत्यालाही मान्य होण्याजोगे आहे, कारण त्याचा विसारावरील हक्क त्यात स्पष्टपणे मान्य केलेला असतो. फ्लॅटवर एकापेक्षा अधिक मालकांची नावे असतील तर या मजकुराखाली त्या सर्वांच्या सह्या घ्याव्यात.